८०,००० च्या खात्यात किती लॉट घ्यायचे? तोट्याकडून सुरू होणारा हिशोब

खात्यात ८०,००० रुपये आहेत. एमसीएक्सवर क्रूड ऑइल मिनी ५,५६० ला चाललंय, चार्ट आवडलाय, घ्यायचं ठरलंय. आता किती लॉट?

बहुतेक जण याचं उत्तर ब्रोकरच्या ॲपवर शोधतात. एका लॉटला मार्जिन किती लागतं ते बघायचं, खात्यातल्या रकमेला त्याने भागायचं, "दोन-तीन लॉट बसतायत" असं म्हणायचं आणि बटण दाबायचं. पण मार्जिन ही अनामत आहे. भाव उलटा गेला तर एक्स्चेंजचे पैसे बुडू नयेत म्हणून ती घेतात. तुमचं किती नुकसान होईल, याच्याशी तिचा संबंध नाही. पोझिशन साइझिंगचा हिशोब दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो: हा सौदा चुकला तर मी किती रुपये द्यायला तयार आहे, आणि तेवढ्यात किती लॉट बसतात? मोठ्या खात्यात याचं उत्तर ७ किंवा १२ असं काहीतरी येतं. छोट्या खात्यात ते १ येतं किंवा शून्य, आणि खरी गंमत त्या शून्याशी आहे.

आधी टक्का ठरवा, तोही रुपयांत लिहून

एका सौद्यात खात्याचा किती टक्के भाग जाऊ द्यायचा? रूढ उत्तर १ ते २ टक्के. मी १ वापरतो, त्यामुळे ८०,००० वर ८०० रुपये. हा आकडा फार किरकोळ वाटतो आणि नवा माणूस इथेच नाक मुरडतो. "८०० रुपयांसाठी एवढा खटाटोप?"

त्याला एक गणित करून दाखवतो. समजा तुमची पद्धत चांगली आहे, १०० पैकी ४५ सौदे जिंकते आणि जिंकते तेव्हा तोट्याच्या दुप्पट देते. अशा पद्धतीतसुद्धा १०० सौद्यांच्या ओघात सलग सहा-सात तोटे कधीतरी लागतातच, आणि सलग दहा लागले तरी ते अघटित नाही. दर सौद्याला १ टक्का लावला असेल तर दहा तोट्यांनंतर ८०,००० चे साधारण ७२,३५० उरतात. २ टक्के लावले तर ६५,४००. आणि ५ टक्के लावले तर ४७,९००, म्हणजे पुन्हा ८०,००० वर यायला ६७ टक्के नफा हवा. पद्धत तीच, बाजार तोच, फरक फक्त टक्क्याचा.

टक्का ठरला की तो रुपयांत लिहून ठेवा. स्क्रीनसमोर बसल्यावर "१ टक्का" हे शब्द लवचिक होतात. ८०० हा आकडा होत नाही.

स्टॉपचं अंतर म्हणजे पूर्ण तोटा नव्हे

दुसरी गोष्ट म्हणजे स्टॉपलॉस. तो कुठे लावायचा हे चार्टवरून ठरतं, खिशावरून नाही. खरेदी असेल तर ज्या तळाच्या खाली भाव गेला म्हणजे आपला अंदाज चुकला, त्या तळाच्या थोडा खाली. काही जण एटीआर, म्हणजे गेल्या १४ कँडलची सरासरी हालचाल घेतात आणि तिच्या दीड-दोन पट अंतर ठेवतात. पद्धत कोणतीही असो, स्टॉप लॉटच्या आधी ठरायला हवा. हा क्रम उलटला की पुढचं सगळं गणित नुसती सजावट ठरते.

पण स्टॉपचं अंतर गुणिले संख्या एवढाच तोटा होत नाही. त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. एक, घसरण: स्टॉप ३९४ ला लावला तरी विक्री ३९३.५० ला होते. दुसरी, खर्च: ब्रोकरेज, शेअरवरचा व्यवहार कर एसटीटी किंवा कमोडिटीवरचा सीटीटी, जीएसटी, मुद्रांक शुल्क, डिलिव्हरीचे शेअर विकले तर डीपी शुल्क. मोठ्या खात्यात हे चिल्लर असतं. ८०० रुपयांच्या मर्यादेत ६० रुपयांचा खर्च म्हणजे साडेसात टक्के झाला.

आधी शेअरवर करून बघू, कारण तिथे लॉट १ चा असतो आणि आकडा हवा तसा कापता येतो. एक शेअर ४१२ ला घ्यायचा आहे, डिलिव्हरीत. स्टॉप ३९४, म्हणजे अंतर १८ रुपये. नुसतं ८०० भागिले १८ केलं तर ४४ शेअर येतात. आता घसरणीचे ५० पैसे धरा. डिलिव्हरीत एसटीटी खरेदीवर ०.१ आणि विक्रीवर ०.१ टक्का लागतो, म्हणजे दर शेअरमागे तेच ८० पैसे झाले. डीपी शुल्क आणि बाकीचं धरून मी या आकाराच्या सौद्यात शेअरमागे दीड रुपया खर्च मांडतो. एकूण १८ + ०.५० + १.५० = २० रुपये. ८०० भागिले २० म्हणजे ४० शेअर. गुंतवणूक १६,४८०.

४४ आणि ४० मधला फरक क्षुल्लक वाटेल. पण ४४ घेतले असते तर स्टॉप लागल्यावर ८८० गेले असते, आणि ठरवलेल्या रकमेपेक्षा हा १० टक्के जास्तीचा तोटा प्रत्येक वेळी झाला असता. "मी तर १ टक्काच लावतो, तरी खातं जास्त वेगाने कसं उतरतं?" असं विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा इथे असतं.

आता क्रूड: लॉट कापता येत नाही

क्रूड ऑइल मिनीचा लॉट १० बॅरलचा आणि भाव एका बॅरलचा. म्हणजे भाव १ रुपया हलला की एका लॉटमागे १० रुपये हलतात. या १० ला मी गुणक म्हणतो.

१५ मिनिटांच्या चार्टवर अलीकडचा तळ ५,४८२ आहे. स्टॉप त्याच्या खाली, ५,४७५ ला. भाव ५,५६०. अंतर ८५ रुपये. घसरणीचे ३ रुपये धरले, येण्या-जाण्याचं मिळून. खर्चात ब्रोकरेज दोन्ही बाजूंचं, विक्रीवरचा सीटीटी, एक्स्चेंजची फी, जीएसटी मिळून लॉटमागे ५५ रुपये धरले. तुमच्या ब्रोकरचा आकडा वेगळा असेल, तो काँट्रॅक्ट नोटवरून काढा.

एका लॉटचा खरा तोटा: (८५ + ३) × १० + ५५ = ९३५ रुपये.

आपल्याकडे आहेत ८००. भागाकार ०.८५ येतो. खाली उतरवून पूर्ण आकडा घ्यायचा, म्हणजे शून्य लॉट.

इथे हात थरथरतो. मनात लगेच दोन पळवाटा येतात. पहिली: "०.८५ म्हणजे जवळपास १ च की, घेऊन टाकू." आज ०.८५ चा १ केला, उद्या ०.७ चा करणार, आणि मग तो आकडा काढायची गरजच काय? दुसरी पळवाट जास्त साळसूद दिसते: स्टॉप जरा वर घेऊ, ५,४९० ला, मग अंतर ७० होतं आणि एक लॉट बसतो. हिशोबात बसतो हे खरं. पण तळ ५,४८२ ला आहे. क्रूड तिथपर्यंत पुन्हा एकदा डोकावून वर जाणं हे रोजचंच आहे. ५,४९० चा स्टॉप म्हणजे तुमचा अंदाज बरोबर असतानाही तुम्हाला बाहेर काढणारी जागा. तोट्याची रक्कम कमी झाली, पण तोटा होण्याची शक्यता वाढली, आणि हे दुसरं कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

मग करायचं काय? स्टॉप हलत नाही, लॉट अर्धा होत नाही, टक्का ठरलेला आहे. हलवण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपण कुठल्या भावाला घेतो. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: ५,४७५ चा स्टॉप कायम ठेवून एक लॉट ८०० रुपयांत बसवायचा तर जास्तीत जास्त किती भाव देता येईल?

८०० मधून खर्चाचे ५५ वजा, उरले ७४५. भागिले १०, म्हणजे ७४.५ रुपये. त्यातून घसरणीचे ३ गेले, उरले ७१.५. स्टॉप ५,४७५ अधिक ७१.५ म्हणजे ५,५४६.५. क्रूडचा भाव एकेका रुपयाने हलतो, त्यामुळे कमाल भाव ५,५४६.

आता ५,५४० ला लिमिट ऑर्डर लावून ठेवायची. भाव तिथपर्यंत खाली आला तर अंतर ६५, तोटा (६५ + ३) × १० + ५५ = ७३५, एक लॉट बसला. नाही आला आणि तिथूनच ५,७०० ला गेला, तर गेला. चुटपुट लागते, मलाही लागते. पण हा कमाल भाव काढायची सवय छोट्या खात्यात "किती लॉट" या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण "किती" चं उत्तर तिथे क्वचितच एकाच्या वर जातं. खरा प्रश्न "कुठे" हाच असतो.

गुणकाची चूक

हा सगळा हिशोब मी शीटवर करतो. मांडणी अशी: B1 मध्ये खात्यातली रक्कम, B2 मध्ये टक्का, B3 खरेदीचा भाव, B4 स्टॉप, B5 गुणक, B6 घसरण, B7 लॉटमागचा खर्च. मग लॉटसाठी पहिलं सूत्र आणि एका लॉटच्या खरेदीच्या कमाल भावासाठी दुसरं:

```
=ROUNDDOWN(B1*B2/((ABS(B3-B4)+B6)*B5+B7),0)
=B4+(B1*B2-B7)/B5-B6
```

पहिल्या सूत्रात `ROUNDDOWN` च हवं. `ROUND` घातलं तर ०.८५ चा १ होतो आणि शीट तुमच्या वतीने पळवाट काढून देतं. B2 मध्ये नुसतं 1 लिहू नका, `1%` लिहा. नाहीतर शीट ८०० च्या जागी ८०,००० धरतं. शेअरसाठी B5 मध्ये 1 टाकायचा आणि B7 मध्ये शेअरमागचा खर्च.

आता माझी स्वतःची फजिती. क्रूडसाठी केलेल्या या शीटमध्ये एकदा मी नॅचरल गॅस मिनीचे आकडे भरले: भाव २६२, स्टॉप २५६, घसरण ५० पैसे. B5 मध्ये क्रूडचा १० तसाच राहिला. शीट म्हणालं ६ लॉट. इतक्या छोट्या खात्यात ६? शंका आली, नाही असं नाही. पण शंकेचं समाधान मी असं केलं की "जपून" दोनच घेतले. नॅचरल गॅस मिनीचा लॉट २५० एमएमबीटीयूचा असतो, म्हणजे गुणक २५०. स्टॉप लागला तेव्हा नुसत्या भावाचेच ६ × २५० × २ = ३,००० गेले, वर घसरण आणि खर्च. खात्याचे चार टक्के. गुणक बरोबर असता तर शीटने एका लॉटचा तोटा १,६८० दाखवून शून्य म्हटलं असतं.

कमोडिटीत ही चूक का होते, तर लॉट एका मापात आणि भाव दुसऱ्या मापात असतो. गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा, पण भाव १० ग्रॅमचा, म्हणून गुणक १०. लॉटचा आकडा बघून १०० धरला तर आपण उगाच घाबरून सौदा सोडतो. झिंक मिनीचा लॉट १ टनाचा आणि भाव किलोचा, म्हणून गुणक चक्क १,०००. तिथे ५ पैसे हलले तरी ५० रुपये. सिल्व्हर मायक्रो सर्वांत सोपा: लॉट १ किलो, भावही किलोचा, गुणक १. लॉटला भावाच्या मापाने भागलं की गुणक मिळतो.

ताळा करायची पद्धत अगदी घरगुती आहे. सौदा घेतल्यावर पोझिशनच्या खिडकीकडे बघा. भाव एक पायरी हलला की नफा-तोट्याचा आकडा कितीने हलतो? क्रूड मिनीत पायरी १ रुपयाची, त्यामुळे १० ने हलायला हवा. नॅचरल गॅस मिनीत पायरी १० पैशांची, तिथे २५ ने. शीटमधल्या गुणकाशी ते जुळत नसेल तर त्याच क्षणी बाहेर पडा, हिशोब नंतर बघता येतो.

स्टॉप फार जवळ असेल तर

सूत्राला एक खोड आहे. स्टॉप जितका जवळ, तितकी संख्या मोठी. मघाच्याच शेअरमध्ये कोणी दिवसाच्या सौद्यासाठी ४१० चा स्टॉप लावला तर अंतर २ रुपये, आणि ८०० भागिले २ म्हणजे ४०० शेअर. किंमत १,६४,८००. खात्यात तेवढे पैसे नाहीत, पण इंट्राडेला पाचपटीपर्यंत उधारी मिळते, त्यामुळे ऑर्डर जाते.

आता स्टॉप लागला तर काय होतं बघा. भावाचे ८०० गेले. ४०० शेअरवर ५० पैशांची घसरण म्हणजे २००. दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज, विक्रीवरचा एसटीटी वगैरे मिळून साधारण १००. एकूण १,१००. १ टक्का म्हणता म्हणता जवळजवळ १.४ टक्के. शिवाय पाच मिनिटांत भाव २ रुपये इकडे-तिकडे हा त्या शेअरचा साधा श्वासोच्छ्वास असेल तर हे दिवसातून तीनदा घडेल.

म्हणून मी एक ढोबळ पट्टी लावतो: घसरण आणि खर्च मिळून स्टॉपच्या अंतराच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होत असतील तर सौदा माझ्या खात्यासाठी नाही. पहिल्या उदाहरणात १८ रुपयांच्या अंतरावर २ रुपये होते, ठीक. क्रूडमध्ये ६५० वर ८५, तेही ठीक. इथे ८०० वर ३०० आहेत. पट्टी माझी आहे, शास्त्र नाही, पण तिने मला बऱ्याच फटक्यांतून वाचवलंय.

निफ्टीचा एक लॉट किती मोठ्या खात्याचा?

हाच हिशोब उलटा फिरवला की कुठलं उपकरण आपल्या आवाक्यात आहे ते कळतं. एका लॉटचा तोटा भागिले टक्का, म्हणजे किमान खातं. निफ्टी फ्युचरचा लॉट ६५ चा आहे. ५० अंकांचा स्टॉप, जो निफ्टीत काही फार लांब नाही, धरला तर ३,२५० रुपये. १ टक्क्याच्या हिशोबाने नुसत्या भावासाठीच ३,२५,००० चं खातं हवं. ८०,००० त हा लॉट म्हणजे एका फटक्यात ४ टक्के. शिवाय त्याला लागणारं मार्जिनच आपल्या खात्याच्या वर जातं.

हा लॉटचा आकडा पाठ करून ठेवू नका. निफ्टीचा लॉट २०२४ च्या सुरुवातीला ५० होता, त्या एप्रिलमध्ये २५ झाला, सेबीने काँट्रॅक्टची किमान किंमत वाढवल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ७५, आणि २०२६ च्या सुरुवातीपासून ६५. दोन वर्षांत चार आकडे. २५ असताना केलेलं शीट ७५ झाल्यावर तसंच वापरलं तर तोटा तिप्पट.

मग लोक ऑप्शन खरेदीकडे वळतात, कारण १४० चा प्रीमियम गुणिले ६५ म्हणजे ९,१०० रुपयांत काम होतं. तिथे स्टॉप ११५ ला लावला तर २५ × ६५ = १,६२५, वर खर्च. ८०,००० वर २ टक्क्यांच्या थोडं पुढे. ज्याने वरची मर्यादा २ टक्के ठेवली आहे त्यालाही हे बसत नाही. पुन्हा इथे दोन अडचणी आहेत. निफ्टी जागेवरच राहिला तरी वेळेने प्रीमियम झिजतो, त्यामुळे अंदाज न चुकताही प्रीमियमवरचा स्टॉप लागू शकतो. आणि दुसरं, एनएसईने २०२१ मध्ये ऑप्शनमधली एसएल-एम ऑर्डर, म्हणजे ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारी ऑर्डर, बंद केली. आता ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव द्यावे लागतात. ट्रिगर ११५ आणि लिमिट ११४.५० ठेवलं आणि भाव एका झटक्यात ११५ वरून ११२ ला गेला, तर ऑर्डर तशीच लटकते आणि तुम्ही स्टॉप लागला असं समजून चहा प्यायला गेलेले असता. लिमिट ट्रिगरपासून ४-५ रुपये खाली ठेवायचं आणि तो फरक B6 मध्ये घसरण म्हणून धरायचा, हा त्यातला बरा मार्ग. मग लॉटचा तोटा आणखी ३०० रुपयांनी फुगतो. फुगू द्या, तोच खरा आकडा आहे.

स्टॉप जिथे पोचतच नाही

हा सगळा हिशोब स्टॉपच्या आसपास विक्री होईल या गृहीतकावर उभा आहे. बाजार बंद असताना ते गृहीतक नसतं.

आपला ४० शेअरचा सौदा घ्या. संध्याकाळी ३९६ ला बंद, रात्री कंपनीचे निकाल वाईट, सकाळी ३७१ ला उघडला. स्टॉप ३९४ ला होता, विक्री ३७१ ला झाली. ४१ × ४० = १,६४०, खर्च वेगळा. १ टक्क्याचे २ झाले. पाच टक्क्यांचं सर्किट असलेल्या शेअरमध्ये तर याहून वाईट होतं: खालच्या सर्किटला खरेदीदारच नसतो, विक्रीची ऑर्डर रांगेत पडून राहते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खालचं सर्किट. म्हणून रात्रभर ठेवायच्या सौद्यात मी आणखी एक गणित करतो. शेअर उद्या १० टक्के खाली उघडला तर किती जाईल? ४० शेअरमध्ये १,६४८. हा आकडा खात्याच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर ठेवतो. निकाल त्या आठवड्यात असतील तर संख्या निम्मी करतो.

क्रूडमध्ये याचं टोकाचं उदाहरण एप्रिल २०२० चं आहे. लॉकडाउनमुळे एमसीएक्सचा व्यवहार तेव्हा संध्याकाळी ५ ला बंद होत होता. २० एप्रिलला मुंबईत बाजार मिटल्यावर रात्री अमेरिकेत डब्ल्यूटीआयचा काँट्रॅक्ट शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरला गेला. इथल्या लोकांना हात लावायचीही सोय नव्हती, आणि एप्रिलचा काँट्रॅक्ट शेवटी बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. कुठल्याही सूत्रात हे बसत नाही. त्यातून माझ्यापुरता नियम एवढाच, की एक्स्पायरी तोंडावर आली की क्रूडचा काँट्रॅक्ट मी हातात ठेवत नाही.

रोजच्या आयुष्यातली छोटी आवृत्ती म्हणजे बुधवारची रात्र. अमेरिकेच्या तेलसाठ्याचा अहवाल आपल्याकडे उन्हाळ्यात ८ ला आणि हिवाळ्यात ९ ला येतो, सुट्टी आली की एक दिवस पुढे. त्या मिनिटात ३ रुपयांची घसरण हा विनोद ठरतो. अहवालाच्या वेळी सौदा उघडा ठेवायचाच असेल तर B6 मध्ये १५ टाका. ८०,००० च्या खात्यात तेव्हा ६५ च्या स्टॉपला शून्य लॉट येतील. अंतर ५९ च्या आत असेल तरच एक.

खातं बदललं की

दर सौद्यानंतर B1 बदलायची गरज नाही. मी रविवारी एकदा बदलतो. त्यात रोख रक्कम घेतो, आणि उघडे सौदे असतील तर ते स्टॉपला सुटले असं धरून. कागदी नफा मोजून टक्का वाढवला की तो नफा परत जाताना मोठ्या लॉटसकट जातो.

छोट्या खात्यात एक उंबरठा असतो, तो आधीच काढून ठेवा. क्रूड मिनीचा ७३५ रुपयांचा सौदा १ टक्क्यात बसायला किमान ७३,५०० लागतात. खातं ७२,००० ला आलं की तोच सौदा, तोच स्टॉप, आता शून्य लॉट. मोठ्या खात्याचा माणूस तोट्यात ७ चे ६ लॉट करतो, आपल्याकडे एकाचा अर्धा होत नाही. अशा वेळी मी क्रूड बंद करून शेअरकडे जातो, जिथे ४० चे ३६ करता येतात, आणि खातं उंबरठ्यावर आलं की परततो. टक्का १ वरून १.२५ करून उंबरठा खाली आणायचा मोह होतो. पण तोट्याच्या ओघात टक्का वाढवणं म्हणजे नेमकं उलट्या वेळी ॲक्सिलरेटर दाबणं.

आणि दोन सौदे एकाच वेळी उघडे असतील तर ते खरंच दोन आहेत का ते बघा. दोन खासगी बँकांचे शेअर, दोन्हीत ८००-८०० लावले, तर रिझर्व्ह बँकेच्या धोरणाच्या दिवशी तो एकच १,६०० चा सौदा असतो. असे जोडीदार मी मिळून ८०० मध्ये बसवतो, ४००-४०० करून.

शेवटचा रकाना मी शीटमध्ये उशिरा घातला, आधी घालायला हवा होता. प्रत्येक तोट्याच्या सौद्यापुढे दोन आकडे: ठरवलेला तोटा आणि काँट्रॅक्ट नोटवरून झालेला तोटा. पहिल्या वीस तोट्यांत क्रूडचा माझा ठरवलेला सरासरी ७२० होता आणि झालेला ७५५. फरक ३५ रुपये, गुणक १० ने भागला तर साडेतीन. मी घसरण ३ धरत होतो, खरी निघाली साडेसहा. त्या दिवसापासून B6 मध्ये 7 आहे, आणि ५,४७५ च्या स्टॉपला माझा कमाल भाव ५,५४६ नाही, ५,५४२ येतो.